वेसाव्याहून मढला: दोन वेग आणि दोन बले कागदावर कशी मिळवायची

मुंबईत वेसाव्याहून खाडीपलीकडच्या मढला जाणारी फेरीबोट ओहोटीच्या वेळी नीट बघा. तिचे तोंड मढच्या धक्क्याकडे सरळ नसते, थोडे खाडीच्या आत वळलेले असते. तरी बोट लागते समोरच. तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे, असे दिसण्याचे कारण म्हणजे बोटीवर एका वेळी दोन वेग काम करत असतात. इंजिन तिला पाण्यातून पुढे नेते आणि ज्या पाण्यात ती आहे ते पाणीच समुद्राकडे सरकत असते. या दोन वेगांची बेरीज म्हणजे बोटीची खरी चाल. ही बेरीज २ + ३ = ५ अशी होत नाही, कारण वेगाला आकड्याबरोबर दिशाही असते. अशा राशीला सदिश म्हणतात. बल हाही सदिशच, त्यामुळे त्याची बेरीजही याच रीतीने होते.

पुढच्या उदाहरणातले आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. बोटीचा पाण्यातला वेग सेकंदाला २.४ मीटर, ओहोटीचा प्रवाह सेकंदाला १.० मीटर आणि खाडीची रुंदी २४० मीटर. प्रवाह काठाला समांतर, म्हणजे बोटीच्या वाटेला काटकोनात आहे असे धरू. बोटीने तोंड नाकासमोर, थेट पलीकडच्या काठाकडे ठेवले तर ती कुठे लागेल?

आधी आकडे तपासा

पेन्सिल हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे एकक. समुद्रावर वेग बहुधा नॉटमध्ये सांगतात, रस्त्यावर ताशी किलोमीटरमध्ये, पुस्तकात सेकंदाला मीटरमध्ये. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, सेकंदाला साधारण ०.५१ मीटर. बोटीचा वेग नॉटमध्ये आणि प्रवाहाचा मीटरमध्ये तसाच ठेवला, तर आकृती सुबक येईल पण उत्तर निरर्थक असेल. आणि आकृती बघून ही चूक कळत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: वेग कशाच्या तुलनेत मोजला आहे? बोटीचा २.४ हा आकडा पाण्याच्या तुलनेत आहे आणि प्रवाहाचा १.० हा जमिनीच्या तुलनेत. बोट पाण्यात, पाणी जमिनीवर, अशी ही साखळी जोडली की बोटीचा जमिनीवरचा वेग मिळतो. मोबाइलमधला जीपीएस जो वेग दाखवतो तो आधीच जमिनीच्या तुलनेतला असतो. त्यात पुन्हा प्रवाह मिळवला तर प्रवाह दोनदा मोजला जातो.

त्रिकोणाची रीत

आता प्रमाण ठरवायचे. १ सेंटीमीटर = सेकंदाला ०.२ मीटर असे घेतले तर बोटीचा बाण १२ सेंटीमीटरचा आणि प्रवाहाचा ५ सेंटीमीटरचा होतो. ए-फोर कागदावर हे ऐसपैस बसते. पुष्कळ जण १ सेंटीमीटर = सेकंदाला १ मीटर असे सोपे प्रमाण घेतात. मग अख्खी आकृती अडीच सेंटीमीटरची होते आणि मोजपट्टीवर एका मिलिमीटरची चूक म्हणजे सेकंदाला ०.१ मीटरची चूक, जवळपास ४ टक्के. मोठ्या आकृतीत त्याच एका मिलिमीटरची किंमत फक्त ०.०२ असते. आकृती कागदात मावेल इतकी मोठी काढा. अचूकता वाढवायचा याहून स्वस्त उपाय नाही.

कागदावर मढ वर, वेसावे खाली आणि समुद्र डावीकडे असे धरू. खालच्या बाजूला एक बिंदू घ्या, त्याला O म्हणा. तिथून सरळ वर १२ सेंटीमीटरची रेघ ओढा आणि वरच्या टोकाला बाण काढा. या टोकाला A म्हणा. ही झाली बोट. आता प्रवाहाचा बाण O पासून नाही, A पासून सुरू करायचा: गुण्या लावून काटकोन घ्या आणि डावीकडे ५ सेंटीमीटरची रेघ ओढून तिच्या टोकाला B म्हणा. पहिल्या बाणाच्या टोकाला दुसऱ्याचे शेपूट, एवढाच या रीतीचा नियम आहे. शेवटी O पासून B पर्यंत रेघ ओढा आणि बाण B कडे काढा. हा परिणामी वेग.

मोजपट्टी लावा. OB १३ सेंटीमीटर भरली पाहिजे. १३ गुणिले ०.२ म्हणजे सेकंदाला २.६ मीटर. कोनमापकाचे केंद्र O वर ठेवून OA आणि OB मधला कोन मोजा, तो २२.६ अंशांच्या आसपास येईल. शाळेच्या कोनमापकावर अर्ध्या अंशापलीकडे वाचता येत नाही, म्हणून २२ किंवा २३ आले तरी हात चुकला असे समजू नका. १४ सेंटीमीटर किंवा २७ अंश आले, तर मात्र काटकोन चुकला आहे किंवा एखादी लांबी चुकली आहे.

उत्तर लिहिताना नुसते ‘२२.६ अंश’ लिहू नका. कशापासून, कोणत्या बाजूला, हे लिहिले नाही तर ती दिशाच नाही. ‘सेकंदाला २.६ मीटर, बोटीच्या तोंडाच्या दिशेपासून समुद्राकडे २२.६ अंश’ हे पूर्ण उत्तर. परीक्षेत अर्धा गुण इथेच जातो, आणि पाण्यात तर बोट भलत्याच जागी लागते.

किती भलत्या जागी? २४० मीटर रुंदी सेकंदाला २.४ मीटरने पार करायला १०० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात प्रवाह बोटीला १०० मीटर समुद्राकडे नेतो. इथे २.६ चा वापर झाला नाही, हे ध्यानात घ्या. पलीकडे पोहोचायला लागणारा वेळ खाडीच्या आडव्या वेगावर ठरतो, आणि तो प्रवाहामुळे कमीही होत नाही, वाढतही नाही. २४० भागिले २.६ करून ९२ सेकंद हे उत्तर काढणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी वेग तिरकस वाटेवरचा घेतला आणि अंतर सरळ वाटेवरचे. २.६ च घ्यायचा असेल तर अंतरही तिरकस वाटेचे, म्हणजे २६० मीटर घ्यावे लागेल. मग पुन्हा १०० सेकंदच येतात.

समोरच लागायचे असेल तर

बोट चालवणाऱ्या तांडेलाचा प्रश्न उलटा असतो. त्याला परिणामी दिशा माहीत आहे, मढचा धक्का समोरच आहे. तोंड कुठे ठेवायचे हे त्याला हवे आहे. नवशिका इथे पटकन म्हणतो, बोट २२.६ अंश वाहवत गेली ना, मग तोंड २२.६ अंश उलट्या बाजूला वळवा. हे बरोबर वाटते, पण बरोबर नाही.

त्रिकोण पुन्हा काढू, फक्त या वेळी प्रवाहापासून सुरुवात करू. O पासून सरळ वर मढच्या धक्क्याकडे एक लांब पुसट रेघ ओढा. ही वाट, तिची लांबी अजून ठरलेली नाही. आता O पासून डावीकडे प्रवाहाचा ५ सेंटीमीटरचा बाण काढा, त्याच्या टोकाला P म्हणा. कंपासमध्ये १२ सेंटीमीटर अंतर घ्या, टोक P वर रोवा आणि पुसट रेघेला छेदणारा कंस मारा. छेदबिंदू Q. P पासून Q पर्यंतचा बाण ही बोटीच्या तोंडाची दिशा आणि OQ ही प्रत्यक्ष चाल.

मोजा: OQ सुमारे १०.९ सेंटीमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण २.१८ मीटर. आणि PQ ही रेघ सरळ वाटेपासून २४.६ अंश कललेली दिसेल, २२.६ नव्हे. फरक कुठून आला? पहिल्या त्रिकोणात १२ ही काटकोनाची बाजू होती आणि १३ कर्ण. दुसऱ्यात १२ स्वतःच कर्ण आहे. बोटीला २.४ मधलाच काही भाग प्रवाहाशी झुंजायला द्यावा लागतो, म्हणून पलीकडे जाण्याचा वेगही घटतो आणि १०० ऐवजी ११० सेकंद लागतात. २२.६ अंशच वळवले असते तर बोट आठेक मीटर समुद्राकडे लागली असती. अरुंद धक्क्याला आठ मीटर पुष्कळ झाले.

या रचनेतून आणखी एक गोष्ट आपोआप दिसते. प्रवाहाचा बाण १२ सेंटीमीटरहून लांब झाला तर कंस पुसट रेघेपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे प्रवाह बोटीहून जोरात असेल तर तोंड कुठेही वळवा, नाकासमोर लागणे शक्य नाही. कंस रेघेला शिवत नाही म्हणून कंपास सैल झाला असे समजून आकृती खोडू नका. तेच उत्तर आहे.

दोन दोर, एक कडी: समांतरभुज चौकोनाची रीत

आता बले. होडी वाळूवर ओढून घ्यायची आहे. नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या, एकाच कडीला दोन दोर बांधले आहेत. एका दोरावर ५०० न्यूटन ओढ, दुसऱ्यावर ३०० न्यूटन, आणि दोरांमध्ये ६० अंशांचा कोन. दोन्ही दोर आडवे, वाळूला समांतर आहेत असे धरू. अंदाजासाठी: १० किलोचे पोते उचलून धरायला सुमारे ९८ न्यूटन लागतात, तेव्हा ५०० न्यूटन म्हणजे ५१ किलोच्या वजनाइतकी ओढ.

इथे दोन्ही बले एकाच बिंदूतून निघतात, म्हणून चौकोनाची रीत जास्त स्वाभाविक वाटते. आकृती प्रत्यक्ष दोरांसारखीच दिसते. १ सेंटीमीटर = ५० न्यूटन घ्या. कडीचा बिंदू O. O पासून १० सेंटीमीटरचा बाण OA आणि त्याच O पासून, कोनमापकाने ६० अंश मोजून, ६ सेंटीमीटरचा बाण OB. आता A वर कंपास रोवून ६ सेंटीमीटरचा आणि B वर रोवून १० सेंटीमीटरचा कंस मारा. कंस दोन ठिकाणी छेदतात. AB या रेघेच्या पलीकडचा, O पासून लांबचा बिंदू घ्या. तो C. AC आणि BC जोडा, चौकोन पुरा झाला. समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत ना, हे गुण्या सरकवून एकदा बघा. गुण्या बसत नसेल तर कंसाचे अंतर मध्येच हलले आहे.

O पासून C पर्यंतचा कर्ण म्हणजे परिणामी बल. तो १४ सेंटीमीटर भरतो, म्हणजे ७०० न्यूटन. ५०० च्या दोरापासून त्याचा कोन २१.८ अंश आणि ३०० च्या दोरापासून ३८.२ अंश. दोन्ही कोन मोजा, बेरीज ६० आली पाहिजे. नाही आली तर एखादा कोन कोनमापकाच्या उलट्या आकड्यांवरून वाचला गेला आहे. जोराच्या ओढीकडे कर्ण जास्त झुकतो, हीही एक फुकटची तपासणी.

या रीतीत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे भलताच कर्ण धरणे. चौकोनाला कर्ण दोन. A पासून B पर्यंतचा कर्णही तिथेच असतो आणि कोन ६० असेल तर तो आखूड, ८.७ सेंटीमीटरचा दिसतो. त्यावरून ४३६ न्यूटन असे उत्तर येते. तो कर्ण बेरीज नव्हे, वजाबाकी दाखवतो. खूण सोपी आहे: परिणामी बलाचा कर्ण दोन्ही बाण जिथून निघाले त्या बिंदूतूनच निघतो.

हाच प्रश्न त्रिकोणाने सोडवला तरी ७०० च येतात. चौकोनातली AC ही बाजू म्हणजे OB चाच उचलून ठेवलेला बाण, आणि OAC हा त्रिकोण चौकोनाचा अर्धा भाग आहे. फक्त एक सापळा आहे. त्रिकोण काढताना A पाशी आतला कोन ६० नसतो, १२० असतो, कारण ६० हा कोन दोन्ही शेपटे एकत्र ठेवल्यावरचा. A पाशी ६० चाच कोन आत घेणाऱ्याला पुन्हा ४३६ मिळतात. दोन वेगळ्या चुकांचे उत्तर एकच येते, म्हणून ४३६ दिसले की दोन्ही तपासा.

सूत्राने पडताळा

आकृती झाल्यावर गणित करून बघावे. दोन बले P आणि Q, त्यांच्यातला कोन θ, परिणामी बल R आणि त्याचा P पासूनचा कोन α असेल तर:

```
R² = P² + Q² + 2PQ cos θ
tan α = Q sin θ / (P + Q cos θ)
```

P = ५००, Q = ३००, θ = ६० अंश. cos ६० म्हणजे ०.५. मग २,५०,००० + ९०,००० + १,५०,००० = ४,९०,००० आणि त्याचे वर्गमूळ ७००. दिशेसाठी वर २५९.८, खाली ५०० + १५० = ६५०. भागाकार ०.४, कोन २१.८ अंश. आकृतीशी जुळते.

त्रिकोणमितीतल्या कोसाइनच्या नियमात हेच चिन्ह उणे असते, इथे अधिक आहे. त्रिकोणातला आतला कोन १८० − θ असतो म्हणून चिन्ह उलटते. पाठ केलेले सूत्र उणे चिन्हासह आणि दोरांमधला कोन तसाच वापरला की उत्तर म्हणून वजाबाकी हाती लागते.

कॅल्क्युलेटर आणखी एका ठिकाणी फसवतो. P २०० न्यूटन, Q ३०० न्यूटन आणि कोन १५० अंश घ्या. खालचा छेद २०० − २५९.८, म्हणजे उणे ५९.८ होतो आणि कॅल्क्युलेटर α साठी उणे ६८.३ अंश दाखवतो. तो पडद्यावर दिसतो तसा लिहिला तर बल भलत्याच दिशेला जाते. छेद उणे असेल तर १८० मिळवायचे: १११.७ अंश. कच्ची आकृती समोर असेल तर ही गफलत चटकन दिसते, कारण परिणामी बल नेहमी दोन्ही बाणांच्या मध्येच पडते.

कोन उघडत गेला की काय होते तेही बघण्यासारखे आहे. तेच ५०० आणि ३०० न्यूटन एकाच दिशेने ओढले तर ८०० मिळतात, ६० अंशांत ७००, काटकोनात ५८३, १२० अंशांत ४३६ आणि अगदी उलट दिशांना २००. उत्तर ८०० च्या वर किंवा २०० च्या खाली आले तर पुढचे काही तपासायची गरज नाही, ते चुकलेच आहे. वाळूवर हे रोज दिसते: ओढणारे एकमेकांपासून फार फाकले की घाम तेवढाच गळतो, होडी मात्र हटत नाही.

ही रीत कुठे तोकडी पडते

दोन दोर एकाच कडीला होते म्हणून चौकोन चालला. एक दोर नाळेला आणि दुसरा मागच्या बाजूच्या खुंट्याला बांधला असेल तर बेरजेचा आकडा आणि दिशा तीच राहील, पण होडी पुढे सरकता सरकता वळूही लागेल. त्या वळण्याविषयी ही आकृती काही सांगत नाही. दोन्ही दोरांच्या रेघा वाढवून त्या जिथे मिळतात तिथून परिणामी बलाची रेघ काढावी लागते. ती रेघ होडीच्या मध्याला चुकवून गेली तर होडी फिरणार. तसेच ७०० न्यूटन मिळाले म्हणजे होडी हललीच असेही नाही. वाळूचे घर्षण त्याहून मोठे असू शकते आणि ते या हिशेबात कुठेच धरलेले नाही.

खाडीच्या हिशेबातही एक गृहीत धरलेले आहे: प्रवाह या काठापासून त्या काठापर्यंत सारखाच. खरी खाडी तशी नसते. मध्यावर पाणी खोल आणि वेगवान, काठाजवळ उथळ आणि संथ. त्यामुळे तोंड एकाच दिशेला ठेवून गेलेल्या बोटीची वाट सरळ रेघ नसते, बाकदार होते. अशा वेळी खाडीचे तीन-चार पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यासाठी त्या त्या प्रवाहाचा वेगळा त्रिकोण काढतात आणि प्रत्येक पट्ट्यातले वाहून जाण्याचे अंतर शेवटी एकत्र करतात. शिवाय मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. पूर्ण भरती किंवा पूर्ण ओहोटीच्या आसपास पाणी थबकते आणि मधल्या तासांत सर्वांत जोरात धावते. सकाळच्या फेरीला काढलेला त्रिकोण दुपारच्या फेरीला लावायचा असेल तर निदान प्रवाहाचा बाण तरी नव्याने काढावा लागतो.